फालुद्याचा लगदा होऊ नये म्हणून

गेल्या जूनमध्ये शारजाच्या आमच्या घरी एका शनिवारी दहा माणसं जेवायला होती. जेवणानंतर फालुदा द्यायचा बेत होता. ऐन वेळी धांदल नको, म्हणून आम्ही दुपारीच दहा पेले भरून फ्रीजमध्ये ठेवून दिले. रात्री बाहेर काढले तर प्रत्येक पेल्यात गुलाबी लापशी! शेवया फुगून बसलेल्या, सब्जाचे गोळे झालेले, आणि आइस्क्रीम कुठे गेलं ते शोधावं लागलं. पाहुण्यांनी चवीची तारीफ केली, पण ती चमच्याने कालवलेल्या खिरीची तारीफ होती हे आम्हाला कळत होतं.

वरच्या मजल्यावरच्या हैदराबादी खालांनी दुसऱ्या दिवशी आमचं पाकीट बघितलं आणि हसू लागल्या. ती साध्या गव्हाच्या शेवयांची पुडी होती. आपल्या खिरीतल्या, किंवा इथले अरब लोक अंडं घालून ‘बलालीत’ करतात त्यातल्या शेवया. गव्हाची शेवई दूध पीत राहते आणि मऊ पडते. फालुद्याची शेव मक्याच्या पिठाची असते. ती शिजवतानाच पोटभर पाणी प्यालेली असते, म्हणून दुधात घातल्यावरही गुळगुळीत राहते. फालुदा मूळचा इराणचा. शिराझला आजही अशीच पिठाची शेव गुलाबपाण्याच्या साखरपाकात गोठवून, वर लिंबू पिळून खातात. म्हणजे आपल्या पेल्याचं माहेर इथून खाडीपल्याड आहे!

शेव घरी करायची तर एक वाटी कॉर्नफ्लोअर अडीच वाट्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरं पीठ हळूहळू काचेसारखं होतं आणि कडा सोडतं. त्याआधी उतरवलं तर शेवेला कच्च्या पिठाची चव राहते. मग गरम असतानाच सोऱ्यात बारीक शेवेची चकती घालून बर्फाच्या पाण्यात पाडायची. गोळा निवला की सोऱ्या हलत नाही. आमच्या एका सोऱ्याचं हँडल त्यातच गेलं. एवढी शेव दहा पेल्यांना पुरते. मात्र ती त्याच दिवशी संपवावी. रात्रभर फ्रीजमध्ये राहिली की पांढरी, ताठ होते आणि चमच्याखाली तुटते.

सब्जा भिजवावा तो साध्या पाण्यात. आम्ही थेट गार दुधात टाकला होता, तिथेच चुकलं. दुधात तो हळू फुगतो आणि एकमेकांना चिकटतो. दोन लहान चमचे बी दीड वाटी पाण्यात घालून लगेच ढवळायचं, पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. वीस मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती करडा, पारदर्शक गोल दिसतो. मग चाळणीवर निथळायचा, नाहीतर त्याचं पाणी दुधात उतरतं. दुकानात शेजारीच ठेवलेलं चिया बी सब्ज्याऐवजी उचलू नका. ते करड्या ठिपक्यांचं असतं, सब्जा एकसारखा काळा.

आइस्क्रीमचं दुखणं मात्र खास इथलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, गाडी उन्हात तापलेली. घरी येईपर्यंत डबा निम्मा वितळतो. तो फ्रीझरमध्ये पुन्हा गोठतो खरा, पण कचकचीत होतो आणि पेल्यात पडताच पाणी सोडतो. म्हणून ते सगळ्यात शेवटी घ्यायचं, थंड राखणाऱ्या पिशवीत घालायचं आणि सरळ घर गाठायचं. घरी आल्यावर ताटलीत गोळे काढून ते घट्ट गोठवून ठेवले की वाढताना खोळंबा होत नाही.

पुढच्या महिन्यात त्याच मंडळींना पुन्हा बोलावलं. दोन लिटर दूध आटवून दीड लिटर केलं आणि साखर न घालता अगदी गार केलं. सगळं वेगवेगळ्या भांड्यांत तयार ठेवलं, आणि जेवणाची पानं उचलल्यावरच पेले मांडले. तळाला दोन चमचे गुलाबाचं सरबत. ते साखरेने जड असल्यामुळे खालीच बसतं. त्यावर दोन चमचे सब्जा, मग निथळलेल्या शेवेचा चांगला जाड थर. दूध मात्र चमच्याच्या पाठीवरून, पेल्याच्या कडेने, अगदी सावकाश. वरून धार धरली की सरबत उसळतं आणि पेलाभर गुलाबी होतो. शेव दुधाचा वेग अडवते, म्हणून ती सब्ज्याच्या वर. शेवटी आइस्क्रीमचा गोळा आणि चार पिस्त्याचे काप.

काचेतून बघितलं तर खाली लाल, मग काळे ठिपके, त्यावर पांढरे धागे आणि मधे जेमतेम गुलाबी छटा. लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत घालून एकेक घास वर आणायचा, ढवळायचं नाही, असं आम्ही सगळ्यांना बजावलं. आमच्या धाकट्याने अर्थातच पहिल्या मिनिटाला ढवळलं.