एकाच क्रमांकाची दोन बिलं

घाऊक किराणा मालाचं एक मोठं दुकान घ्या. दिवाळीच्या तोंडावर तिथे दोन काउंटरवर सतत बिलं निघत आहेत. मार्चअखेर हिशेब जुळवताना 4822 या क्रमांकाची दोन बिलं हाती लागतात. एक साखरेच्या पोत्यांचं, दुसरं तेलाच्या डब्यांचं. गिऱ्हाईकं वेगळी, रकमा वेगळ्या, तारीख मात्र तीच आणि वेळही जवळजवळ तीच. तेलवाल्या गिऱ्हाइकाने भरलेले पैसे साखरवाल्याच्या खात्यावर जमा झालेले असतात. संशय साहजिकच काउंटरवरच्या माणसांवर जातो, पण त्यांचा यात काडीचाही दोष नसतो. दोष असतो बिलिंगच्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीचा:

```sql
SELECT MAX(bill_no) + 1 FROM bills
WHERE fy = '2025-26';
```

या आर्थिक वर्षातला सर्वांत मोठा बिल क्रमांक शोध आणि त्यात एक मिळव, एवढाच या ओळीचा अर्थ. वाचताना त्यात काहीच चुकीचं वाटत नाही. आता दोन काउंटरवर एका सेकंदाच्या आत काय घडतं ते पाहू.

शेवटचं बिल 4821 आहे. पहिल्या काउंटरने क्रमांक विचारला, उत्तर मिळालं 4822. त्याचा संगणक आता मालाच्या ओळी, कर, साठ्यातली घट असं सगळं नोंदवू लागला. या कामाला समजा 40 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात, 20 मिलिसेकंदांनी, दुसऱ्या काउंटरने तोच प्रश्न विचारला. पहिलं बिल अजून पक्कं नोंदलेलं नाही, त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने सर्वांत मोठा क्रमांक अजूनही 4821च आहे. दुसऱ्यालाही उत्तर मिळालं 4822. मग दोघांनीही आपापलं बिल नोंदवलं.

इथे पुष्कळ प्रोग्रॅमर म्हणतात, ‘आम्ही हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये करतो, म्हणजे काळजी नको.’ हा समज चुकीचा आहे. ट्रान्झॅक्शनमधली सगळी कामं एकत्र पूर्ण होतात किंवा एकत्र रद्द होतात, हे खरं. पण एकाचं अर्धवट काम दुसऱ्याला दिसू नये, हाही ट्रान्झॅक्शनचाच नियम आहे. पहिल्याचं 4822 दुसऱ्याला दिसलं नाही ते याच नियमामुळे. दोन ट्रान्झॅक्शनना काटेकोरपणे एकामागून एक चालल्यासारखं वागायला लावणारी कडक पातळीही असते. ती निवडली तर पोस्टग्रेएसक्यूएल दोघांपैकी एकाचं काम रद्द करतो आणि ते पुन्हा करावं लागतं. मात्र ही पातळी मुद्दाम निवडावी लागते. ती आपोआप लागू नसते.

चाचणीत हा दोष सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटाच असतो. दुकानातही एरवी दोन बिलं त्याच 40 मिलिसेकंदांत क्वचितच येतात. सणाची गर्दी झाली, बिलं लांबलचक झाली, यंत्रावर ताण आला की ते 40 मिलिसेकंद दोन सेकंदांवर जातात आणि महिनोन् महिने नीट चाललेला प्रोग्रॅम अचानक जोडबिलं काढू लागतो.

या ओळीत दुसरीही एक खोट आहे आणि तिला गर्दीचीही गरज नाही. 4822 हे शेवटचं बिल कोणी पुसून टाकलं, तर पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा 4822च मिळतो आणि पहिल्याच्या हातात त्या क्रमांकाचा छापील कागद आधीच असतो. नामांकित डेटाबेसही यातून सुटलेले नाहीत. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत क्रमांक पुढे ढकलणारा आकडा फक्त स्मृतीत राहत असे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की तो सर्वांत मोठ्या क्रमांकावरूनच नव्याने ठरे, आणि पुसलेले क्रमांक पुन्हा वाटले जात. 2003 मध्ये नोंदवलेली ही तक्रार 8.0 या आवृत्तीत, म्हणजे 2018 मध्ये, मिटली.

उपायांत सर्वांत आधी हवी ती डेटाबेसमधलीच अट: एका आर्थिक वर्षात एक क्रमांक एकदाच.

```sql
ALTER TABLE bills ADD UNIQUE (fy, bill_no);
```

ही अट असली की दुसऱ्या काउंटरचं 4822 नोंदवताना डेटाबेस पहिल्याचं काम पुरं होईपर्यंत थांबतो आणि मग दुसऱ्याला नकार देतो. प्रोग्रॅमने तो नकार ओळखून नवा क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा. चुकीचं बिल चुपचाप नोंदलं जाण्यापेक्षा असा नकार शतपटीने बरा. पण ही राखण झाली. क्रमांक द्यायची नीट पद्धत वेगळी लागते.

छापील पावतीपुस्तकात ती होती. प्रत्येक पानावर क्रमांक छापखान्यातूनच येई. मागची पावती पाहून पुढचा आकडा कोणी ठरवत नसे. पान खराब झालं तर ‘रद्द’ असा शेरा मारून ते स्थळप्रतीसह पुस्तकातच ठेवत, त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नसत. डेटाबेसमधला सीक्वेन्स हेच करतो. मागेल त्याला तो पुढचा आकडा देतो आणि दिलेला आकडा परत घेत नाही, मग ते बिल पुरं होवो वा न होवो. मायएसक्यूएलमधलं `AUTO_INCREMENT` आणि पोस्टग्रेएसक्यूएलमधलं `GENERATED ALWAYS AS IDENTITY` याच कामासाठी आहेत. दोन्ही काउंटरना एकाच क्षणी वेगळे आकडे मिळतात, कोणाला थांबावं लागत नाही. मात्र अर्धवट सुटलेल्या बिलांचे आकडे वाया जातात आणि क्रमात खाचा पडतात.

गिऱ्हाइकाची किंवा मालाची अंतर्गत नोंद असेल तर या खाचांनी काही बिघडत नाही. कर-बिलाचं तसं नाही. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या 46व्या नियमानुसार बिलावर सलग अनुक्रमांक हवा, तो 16 अक्षरांहून मोठा नसावा आणि आर्थिक वर्षात एकदाच यावा. त्यासाठी प्रत्येक वर्षाची एक ओळ असलेला छोटा तक्ता ठेवतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ते असं होतं:

```sql
UPDATE bill_counter
SET last_no = last_no + 1
WHERE fy = '2025-26'
RETURNING last_no;
```

इथे वाचणं आणि वाढवणं एकाच आज्ञेत होतं, आणि पहिल्याचं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ती ओळ कुलूपबंद राहते. दुसरा काउंटर थांबतो. पहिल्याचं बिल पक्कं झालं तर त्याला 4823 मिळतो, पहिल्याचं रद्द झालं तर आकडा मागे जातो आणि 4822 मिळतो. खाच नाही, जोडही नाही. किंमत एवढीच की सगळे रांगेत येतात. म्हणून ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या शेवटी ठेवावी आणि कुलूप लागल्यानंतर छपाईची किंवा कार्डाच्या पैशांची वाट पाहू नये. नाहीतर एका गिऱ्हाइकाचं कार्ड अडकलं की सगळे काउंटर थिजतात. बिल पुसण्याची सोय मात्र इथेही काढूनच टाकावी. चुकलेलं बिल ‘रद्द’ म्हणून नोंदीत राहू द्यावं.

शाखा दूर असतील आणि इंटरनेट तुटलं तरी नोंदी करायच्या असतील, तर अंतर्गत ओळखीसाठी 128 बिटांचा यूयूआयडी वापरतात. तो कोणालाही न विचारता तयार होतो. बिलावर छापायला तो उपयोगाचा नाही, कारण तो 36 अक्षरांत लिहिला जातो. तिथे प्रत्येक शाखेला स्वतःची मालिका द्यावी.

तुमच्या दुकानात, पतसंस्थेत वा दवाखान्यात असा प्रोग्रॅम चालत असेल, तर तो सांभाळणाऱ्याला हा प्रश्न एकदा चालवायला सांगा:

```sql
SELECT fy, bill_no, COUNT(*) FROM bills
GROUP BY fy, bill_no HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तरात एकही ओळ आली नाही तर वर दिलेली अट लगेच घालून घ्या. ओळी आल्या तर आधी ती बिलं हिशेबनिसाबरोबर बसून निस्तरा, कारण जोडक्रमांक शिल्लक असेपर्यंत डेटाबेस ती अट स्वीकारतच नाही.