न थांबणारा काउंटर, न बदलणारा आकडा

एलईडीचा प्रकाश निम्मा करायचा तर व्होल्टेज निम्मं करावं, असं सहज वाटतं. एलईडी मात्र त्याला दाद देत नाही. ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो जवळपास विझतोच. म्हणून त्याला पूर्ण पेटवतात आणि पूर्ण विझवतात, सेकंदाला शेकडो वेळा. डोळ्याला दिसते ती सरासरी. एका फेरीतला पेटलेला हिस्सा म्हणजे ड्युटी सायकल, आणि या पद्धतीचं नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन.

हा हिस्सा नेमका ठेवायची एक सुरेख युक्ती दोनच भागांवर चालते. पहिला भाग आठ बिटांचा काउंटर. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तो एकाने वाढतो, २५५ नंतर पुन्हा शून्यावर येतो आणि कोणासाठीही थांबत नाही. दुसरा भाग कम्पॅरेटर. काउंटरवरची संख्या आपण स्विचवर लावलेल्या आकड्यापेक्षा लहान आहे का, एवढंच तो पाहतो. लहान असेल तोवर आउटपुट चालू, नाहीतर बंद.

समजा क्लॉक ५१,२०० हर्ट्झचा आहे. त्याला २५६ ने भागलं की सेकंदाला २०० फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी ५ मिलिसेकंदांची. स्विचवर ६४ लावले, तर ० ते ६३ या ६४ ठोक्यांत एलईडी पेटलेला राहतो: १.२५ मिलिसेकंद, बरोबर पाव हिस्सा. १२८ लावले की निम्मा. फेरीचा वेग मात्र तसूभरही बदलत नाही, कारण काउंटरला कोणी हातच लावलेला नसतो.

खरी गंमत आणि खरी अडचण काउंटरच्या निवडीत आहे. ४०४० सारख्या रिपल काउंटरमध्ये एक बिट बदलला की त्याच्या धक्क्याने पुढचा बदलतो. सगळे एकदम बदलत नाहीत. १२७ वरून १२८ वर जाताना तो क्षणभर १२६, १२४, १२०, ११२, ९६, ६४ आणि चक्क ० दाखवतो. कम्पॅरेटर भोळा, त्याला ६४ पेक्षा लहान संख्या दिसली की तो आउटपुट चालू करू पाहतो. बंद काळाच्या मधोमध एक बारीक खोटी पल्स उमटते. एलईडीकडे पाहून ती कळणार नाही; ऑसिलोस्कोपवर सुईसारखी दिसते. पुढे पल्स मोजणारं सर्किट असेल, तर त्याचा हिशेबच चुकतो.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. सगळे बिट एकाच ठोक्याला बदलणारा ७४एचसी१६३ सारखा सिंक्रोनस काउंटर घ्यावा. तो चार बिटांचा असल्याने दोन जोडावे लागतात. शिवाय कम्पॅरेटरचं उत्तर एका डी फ्लिप-फ्लॉपमधून न्यावं. तो पुढच्या ठोक्याला, म्हणजे सगळं स्थिरावल्यावरच, उत्तर उचलतो. आउटपुट एक ठोका उशिरा येतं, पण पल्सची रुंदी तेवढीच राहते.

एक मर्यादा उरतेच. 'पेक्षा लहान' हा नियम ठेवला तर आठ बिटांत जास्तीत जास्त २५५ लावता येतात, म्हणजे प्रत्येक फेरीत एक ठोका अंधाराचाच. 'लहान किंवा समान' केलं तर उलटं: पूर्ण विझवता येत नाही. आर्डुइनो ऊनोमधल्या एटीमेगा३२८पी चिपच्या टायमरातही हेच तत्त्व आहे, आणि फास्ट पीडब्ल्यूएममध्ये तुलनेचा आकडा शून्य ठेवला तरी प्रत्येक फेरीत एक बारीक पल्स निघते. म्हणूनच `analogWrite` ला शून्य दिलं की ती टायमरचा नाद सोडून पिन सरळ बंद करते.