सही करण्यापूर्वी

जर्मनची बी-वन पातळी पूर्ण करून पुण्याची एक विद्यार्थिनी तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी जाते. ती कल्पित आहे, पण तिच्या पहिल्या दिवशी जे घडतं ते तिकडच्या नियमांना धरूनच.

सकाळी तिला वाटतं, आता ॲप्रन घालून थेट कामाला लागायचं. पण आधी सुरक्षेची माहिती. जर्मन कायद्याप्रमाणे घातक रसायनं हाताळणाऱ्याला काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर वर्षातून किमान एकदा ही माहिती तोंडी, त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. शेवटी कागदावर सही. प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ बाई तिला डोळे धुण्याचा फवारा, आपत्कालीन शॉवर आणि बाहेर पडण्याचा रस्ता दाखवतात. बाई भराभर बोलतात. अर्धं कळतं, अर्धं निसटतं. तरी ती मान डोलावते आणि सही करते.

दुपारी तिला एक चंबू धुवायला मिळतो. आत डायक्लोरोमिथेनचा थोडा अंश उरलेला. ती ॲसिटोनने चंबू खळबळते आणि बेसिनकडे वळते.

"थांबा! बेसिनमध्ये नको," बाई म्हणतात. "कुठल्या कॅनमध्ये टाकाल?"

समोर दोन कॅन आहेत. एकावर 'हालोगेनफ्राय', दुसऱ्यावर 'हालोगेनहाल्टिश' अशी चिठ्ठी. म्हणजे क्लोरीन, ब्रोमीनसारखे हॅलोजन नसलेला कचरा एकीकडे आणि असलेला दुसरीकडे. ॲसिटोनमध्ये क्लोरीन नाही, म्हणून तिचा हात पहिल्या कॅनकडे जातो. बाई मान हलवतात. चंबूत आधी काय होतं?

उत्तर त्या प्रश्नातच आहे. डायक्लोरोमिथेनमध्ये क्लोरीन असतं, त्यामुळे त्यात मिसळलेलं ॲसिटोनही आता दुसऱ्या कॅनचं. असा कचरा जाळला की हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू तयार होतो आणि तो धुरातून वेगळा काढावा लागतो. चुकीच्या कॅनमध्ये थोडंसं जरी पडलं, तरी तो सगळा कॅन महागड्या विल्हेवाटीच्या रांगेत जातो.

ही चूक पैशांवर निभावते. नायट्रिक आम्लाची चूक मात्र जिवावर बेतू शकते. हे आम्ल सेंद्रिय द्रावकांच्या कॅनमध्ये पडलं तर अभिक्रिया कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने जोर धरते, वायू साचतो आणि घट्ट बंद केलेला कॅन फुटू शकतो. कॅन कोमट लागला, फुगला किंवा त्यातून तपकिरी धूर निघाला, तर झाकणाला हात लावू नये. सगळ्यांना सांगून खोलीबाहेर पडावं.

हे ऐकल्यावर ती बाईंना म्हणते, "सकाळचं मला नीट कळलं नव्हतं. पुन्हा सांगाल का?" बाईंना राग येत नाही. त्या तिला पुन्हा एकदा सगळीकडे फिरवतात, यावेळी हळू बोलत.

तिकडे शिकायला निघालेल्यांनो, पहिल्या दिवशी तुमच्यापुढेही तो कागद येईल. कळलं नसेल तर तसं सांगा, इंग्रजीत समजावून मागा, आणि मगच सही करा.