लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड: हिशेब केबलचा

एक्स्टर्नल ग्राफिक्स एन्क्लोजर म्हणजे मुळात एक रिकामा डबा. त्यात डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड बसवण्यासाठी खाच आणि बहुधा वीजपुरवठ्याचे युनिट असते. डबा एका केबलने लॅपटॉपच्या थंडरबोल्ट पोर्टला जोडला की आतले कार्ड लॅपटॉप आपलेच समजून वापरू लागतो. लोकप्रिय ठरलेला रेझर कोअर एक्स हा डबा 2018 मध्ये 299 डॉलरला आला. एनव्हिडियाचे आरटीएक्स 4060 हे मध्यम दर्जाचे कार्ड 2023 मध्ये बाजारात आले, तेही 299 डॉलरलाच. म्हणजे जो डबा स्वतः एकही चित्र काढत नाही, तो कार्डाइतकाच महाग.

एवढे पैसे मोजूनही कार्डाची पूर्ण ताकद मिळत नाही, आणि त्याचे कारण केबलमध्ये आहे. थंडरबोल्ट 3 आणि 4 यांचा वेग सेकंदाला 40 गिगाबिट सांगितला जातो. त्यातला कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात साधारण अडीच ते तीन गिगाबाइट येतो. तेच कार्ड डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसवले तर त्याला याच्या कितीतरी पट रुंद वाट मिळते. तरीही खेळ ठप्प होत नाही, कारण चित्र रंगवायला लागणारे बहुतेक साहित्य एकदाच कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत उतरवलेले असते. केबलवरून जातात त्या मुख्यतः सूचना. त्यामुळे बाहेरचा मॉनिटर थेट कार्डाला जोडलेला असेल, तर डेस्कटॉपवर सेकंदाला 100 फ्रेम देणारा खेळ इथे ढोबळमानाने 75 ते 85 फ्रेम देतो. गंमत म्हणजे रिझोल्यूशन वाढवले की ही तूट कमी होते. मग प्रत्येक फ्रेमला कार्डालाच जास्त वेळ लागतो आणि केबलला उसंत मिळते.

खरा घोळ होतो तो कार्डाची मेमरी भरल्यावर. आरटीएक्स 4060 वर 8 जीबी मेमरी असते आणि कार्ड तिच्याशी सेकंदाला 272 गिगाबाइट वेगाने बोलते. खेळाला 9 जीबी लागले, तर उरलेले साहित्य लॅपटॉपच्या रॅममध्ये राहते आणि दरवेळी केबलवरून आणावे लागते, म्हणजे जवळजवळ शंभरपट अरुंद वाटेने. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मान वळवली की चित्र क्षणभर अडखळते. म्हणून डब्यासाठी कार्ड निवडताना वेगापेक्षा मेमरीकडे आधी पाहणे शहाणपणाचे.

लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळायचे ठरवले तर तूट आणखी वाढते. तयार झालेले प्रत्येक चित्र त्याच केबलने परत यावे लागते. 1920 बाय 1080 च्या एका फ्रेमचे सुमारे 8 मेगाबाइट होतात; सेकंदाला 120 फ्रेम म्हटल्या तर जवळपास एक गिगाबाइट. शिवाय पातळ लॅपटॉपचा 15 वॅटचा प्रोसेसर आधीच दमलेला असतो. त्याच्यापुढे कितीही मोठे कार्ड ठेवले तरी ते सूचनांची वाट पाहत बसते.

ब्लेंडरमधल्या रेंडरिंगचे मात्र वेगळे आहे. दृश्य एकदा कार्डावर चढले की पुढची दहा मिनिटे केबलला फारसे कामच नसते, आणि वेळ जवळपास डेस्कटॉपइतकाच लागतो. दिवसा लॅपटॉप घेऊन हिंडणारा आणि रात्री टेबलावर रेंडर लावणारा माणूस हा या डब्याचा खरा गिऱ्हाईक. हाताशी जुने चांगले कार्ड पडून असेल तर हिशेब आणखी सोपा होतो. निव्वळ खेळांसाठी मात्र डब्याच्या पैशात वापरलेला डेस्कटॉप पाहावा आणि कार्ड त्यात बसवावे. तो पूर्ण वेगाने चालेल. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवाल्यांना तर हा प्रश्नच पडत नाही, कारण त्या मॅकवर खेळांच्या ग्राफिक्ससाठी असे कार्ड चालत नाही. थंडरबोल्ट 5 ने कार्डाची वाट सुमारे दुप्पट केली आहे, पण त्यासाठी पोर्टही त्याच पिढीचे हवे, म्हणजे बहुतेकांना नवा लॅपटॉप आला.

डबा घेतलाच, तर तो परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. AIDA64 मधल्या GPGPU Benchmark मध्ये कार्डासमोरचा `Memory Write` आकडा पाहावा. तो 2500 MB/s च्या आसपास असेल तर जोडणी नीट आहे. निम्माच दिसला, तर लॅपटॉप बनवणाऱ्याने त्या पोर्टला चारऐवजी दोनच लेन दिल्या असण्याची दाट शक्यता असते; जुन्या थंडरबोल्ट 3 लॅपटॉपमध्ये असे आढळते आणि त्यावर इलाज नाही. दुसरी गोष्ट विंडोजच्या Device Manager मधली. कार्डावर पिवळे चिन्ह आणि `Code 12` दिसला, तर लॅपटॉपला कार्डासाठी पुरेशी जागा राखता आलेली नसते. बायोस अद्ययावत करून किंवा लॅपटॉपमधले अंगचे ग्राफिक्स कार्ड तात्पुरते बंद करून हे कधीकधी सुटते, कधी सुटत नाही.