घड्याळाच्या पडद्यावरची नाडी : स्मार्टवॉचच्या नोंदी मराठीत वाचताना

स्मार्टवॉचच्या स्क्रीनशॉटवरची नोंद मराठीत सांगायची, तर केवळ नावाचा अर्थ देऊन भागत नाही. आकड्याचे एकक कोणते, तो किती वेळाचा आहे आणि घड्याळाने तो मोजला आहे की अंदाजाने काढला आहे, हेही सांगावे लागते. नमुन्यादाखल नेरुळमधील ५६ वर्षांच्या एका गृहस्थांच्या घड्याळावर सकाळी पुढील नोंदी दिसल्या, असे समजू.

```
Resting Heart Rate   74 BPM
HRV                  22 ms
Blood Oxygen         91%   3:40 AM
```

पहिली नोंद विश्रांतीच्या वेळच्या हृदयगतीची. BPM म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातले रक्त किंचित वाढते आणि तेवढा जास्त हिरवा प्रकाश शोषला जातो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. शरीर शांत असतानाच्या नोंदींतून विश्रांतीची गती काढली जाते. त्यामुळे ती त्या क्षणाची नाडी नसून साधारणपणे त्या दिवसाचा अंदाज असतो. प्रौढांत ६० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. नियमित धावणाऱ्याची किंवा बीटा ब्लॉकर गटातील रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याची गती ६०च्या खालीही असू शकते. म्हणून ७४ हा आकडा एकटा पाहिला तर त्यात काहीच वावगे नाही. पण या गृहस्थांची गेल्या महिन्याची सरासरी ६६ असेल, तर आठ ठोक्यांची वाढ दखल घेण्याजोगी ठरते.

दुसरी नोंद सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. HRV म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरात होणारा बदल. मिनिटाला ६० ठोके पडतात म्हणून प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो असे नाही. कधी ०.९६ सेकंदाने पडतो, कधी १.०४ सेकंदाने. हा फरक मिलिसेकंदांत मोजतात आणि ms हे त्याचेच एकक. ‘हृदयाची अनियमितता’ असे त्याचे भाषांतर केले, तर वाचणारा उगाच घाबरतो. हा बदल नैसर्गिक असतो. शरीर निवांत असताना तो सहसा वाढतो आणि ताप, अपुरी झोप, मद्यपान किंवा अतिश्रम यांमुळे घटतो. वयाबरोबरही तो कमी होत जातो. शिवाय ॲपल आणि फिटबिट तो वेगवेगळ्या सूत्रांनी काढतात. त्यामुळे नवऱ्याच्या आणि बायकोच्या घड्याळांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने आपला आकडा आपल्याच मागच्या सरासरीशी ताडून पाहावा.

काही घड्याळांवर Stress या नावाने ० ते १०० असा गुण दिसतो. तो बहुधा याच बदलावरून काढलेला असतो. तो शरीरावरचा ताण दाखवतो; मनातली काळजी घड्याळाला कळत नाही. मन शांत असले तरी तापात हा गुण चढतो.

या गृहस्थांचा HRV एरवी ३० ते ३५च्या घरात असेल, तर दोन्ही नोंदी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. हृदयगती वर गेली आहे आणि ठोक्यांतला बदल खाली आला आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाम बीच रोडवर लांब फेरी मारून पाणी कमी प्यायले गेले असेल, रात्री जागरण झाले असेल किंवा तापाची सुरुवात असेल. यांपैकी नेमके काय, हे घड्याळ सांगू शकत नाही. तेव्हा तापमान पाहावे, पाणी आणि विश्रांती घ्यावी. दोन-तीन दिवसांत आकडे पूर्ववत झाले, तर विषय तिथेच संपतो.

तिसरी नोंद रक्तातील ऑक्सिजनची. करोनाच्या काळात बोटावरचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. ९५ ते १०० टक्के हे नेहमीचे प्रमाण आणि ९४च्या खाली डॉक्टरांना कळवायचे, हे तेव्हाच लोकांच्या अंगवळणी पडले. पण घड्याळाचा ९१ बोटावरच्या ९१च्या तोडीचा धरता येत नाही. बोटावरच्या यंत्रात प्रकाश बोटाच्या आरपार जातो, तर घड्याळ मनगटावरून परतलेला प्रकाश वाचते. पट्टा सैल असला, हात अंगाखाली दबला, कातडी थंड पडली किंवा दिव्याखाली गोंदण असले, तर आकडा घसरतो. त्वचेच्या गडद रंगामुळे ऑक्सिमीटरच्या अचूकतेवर परिणाम होतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०२१मध्ये दिला होता. म्हणून आधी वेळ पाहावी. पहाटे ३:४०ची एकच नोंद ९१ आणि आजूबाजूच्या सगळ्या ९६-९७ असतील, तर हात दबला असण्याची शक्यता अधिक. जागेपणी शांत बसून, बोट गरम ठेवून ऑक्सिमीटरवर खात्री करावी. तिथेही आकडा कमीच आला किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. रात्रीमागून रात्री घसरण दिसत असेल आणि सोबत मोठे घोरणे असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी.

सूचनांची भाषा आकड्यांपेक्षाही काळजीपूर्वक वाचावी लागते. ॲपल वॉचच्या जास्त हृदयगतीच्या सूचनेचा आशय असा, की ‘तुम्ही निष्क्रिय आहात असे वाटत असताना दहा मिनिटे हृदयगती १२०च्या वर होती.’ १२० ही मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येते. ‘वाटत असताना’ हे शब्द भाषांतरात गाळू नयेत, कारण निष्क्रियतेचा अंदाज घड्याळ हालचालींवरून बांधते. वाशीच्या बाजारातून जड पिशवी धरून चढ चढताना हात स्थिर राहतो आणि नाडी मात्र धावते. चालताना उलटी फसगतही होते. पावलांची लय घड्याळाला नाडीची लय वाटते. मिनिटाला ११५ पावले पडत असताना नाडीही नेमकी ११५ दिसू लागली, तर थांबून गळ्याजवळची नाडी ३० सेकंद मोजावी आणि दुप्पट करावी.

अनियमित लयीच्या सूचनेत ‘एट्रियल फिब्रिलेशन सूचित करणारी लय’ असा उल्लेख असतो. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. पण ‘सूचित करणारी’ म्हणजे ‘निदान झालेली’ नव्हे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. त्यांतल्या सुमारे अर्धा टक्का लोकांनाच ही सूचना आली. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत त्या वेळी हा विकार दिसला. तो अधूनमधून येणारा असल्यामुळे उरलेल्यांना तो नव्हताच, असेही म्हणता येत नाही. त्यामुळे सूचना आली की स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि डॉक्टरांकडे ईसीजी किंवा २४ तासांची होल्टर तपासणी करून घ्यावी.

ज्या घड्याळात ३० सेकंदांचा ईसीजी निघतो, त्याच्या निकालात Sinus Rhythm म्हणजे नेहमीची नियमित लय. Inconclusive म्हणजे निष्कर्ष काढता आला नाही. हृदयात बिघाड आहे असा त्याचा अर्थ नाही. हात हलला, बोट ओले असले किंवा गती ठरावीक मर्यादेबाहेर गेली, तरी हा निकाल येतो. हात टेकवून, बोट कोरडे करून पुन्हा नोंद घ्यावी.

मात्र हा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम आणि धाप ही लक्षणे असतील, तर घड्याळावर Sinus Rhythm दिसत असले तरी त्यावर विसंबू नये आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.