बटण दाबले, पेशंट आला का?

गूगल मॅप्सवर जाहिरात देणाऱ्या दवाखान्याला महिनाअखेरीस आपल्या प्रोफाइलवर कॉल आणि डायरेक्शनचे आकडे दिसतात. ते वाढलेले दिसले की जाहिरात चालली असे धरून पुढचे पैसे भरले जातात. पण तिथला ‘कॉल’ म्हणजे कोणीतरी कॉलचे बटण दाबले, इतकेच. फोन कोणी उचलला का, हे त्या आकड्यातून कळत नाही.

समजा, कोथरूडमधल्या एका दातांच्या दवाखान्याने महिनाभर 8000 रुपयांची जाहिरात केली. आधीच्या महिन्यात 60 कॉल होते, ते 95 झाले. डायरेक्शन 90 वरून 130 वर गेली. आता रिसेप्शनवरचा मोबाइल उघडून पाहा. दुपारी दोन ते पाच दवाखाना बंद असतो आणि नेमक्या त्याच वेळात अनोळखी नंबरांचे 20 मिस्ड कॉल पडलेले आहेत. दाताच्या ठणक्याने बेजार झालेला माणूस वाट पाहत नाही, यादीतल्या पुढच्या डॉक्टरांना फोन लावतो. जाहिरातीवरच्या त्या क्लिकचे पैसे मात्र गेलेले असतात.

लोकांनी काय शोधले, हेही प्रोफाइलवर दिसते. तिथे दवाखान्याचेच नाव सर्वांत वर असेल, तर फोन करणारे बरेचसे जुने पेशंट आहेत. त्यांनी एरवीही फोन केलाच असता. डायरेक्शनचेही तसेच: त्यात जुने पेशंट आणि कुरिअरवालेही येतात. हॉटेलच्या बाबतीत मात्र हा आकडा जास्त बोलका असतो, कारण जेवायला निघालेली मंडळी सहसा फोन न करता थेट नकाशा लावतात.

प्रत्यक्ष किती जण आले, हे गूगल काही जाहिरातदारांना सांगते. पण तो फोनच्या लोकेशनवरून बांधलेला अंदाज असतो आणि एकट्या छोट्या दवाखान्याला तो बहुधा मिळतच नाही. म्हणून मोजणी केसपेपरवरच करायला हवी. नव्या पेशंटला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असे विचारून नोंद ठेवावी. ‘गूगलवर पाहिलं’ या उत्तरातून जाहिरात की नुसती नोंद, हे उलगडत नाही. त्यामुळे मी एकूण नव्या पेशंटांच्या संख्येवर जास्त भिस्त ठेवतो.

आपल्या उदाहरणात नवे पेशंट 14 वरून 21 झाले, म्हणजे सात वाढले. एकेक पेशंट सुमारे 1150 रुपयांना पडला. सगळे 300 रुपयांच्या तपासणीपुरतेच आले असतील तर हा तोटा आहे. त्यांतल्या दोघांनी रूट कॅनाल करून घेतले तर खर्च निघतो. शिवाय तो महिना मेचा असेल, तर शाळेच्या सुट्टीमुळे मुलांची गर्दी तशीही वाढते. अशा वेळी गेल्या वर्षीच्या मेशी ताळा घ्यावा.

पुढच्या महिन्यात दुपारी जाहिरात बंद ठेवावी. नंतर सणवार नसलेले दोन आठवडे ती पूर्ण थांबवावी. तरीही नवे केसपेपर त्याच गतीने निघत राहिले, तर ते पेशंट जाहिरातीने आणलेले नव्हते.