आदरार्थी बहुवचन आणि भूतकाळातील क्रियापद

व्यक्ती एकच असताना आदरापोटी तिच्यासाठी अनेकवचनी रूपे योजण्याच्या पद्धतीला आदरार्थी बहुवचन म्हणतात. ‘सावित्रीबाई शिकवू लागल्या’ या वाक्यात नाम एकवचनीच राहते (अनेकवचन असते तर ‘बाया’ झाले असते) आणि आदराचा सगळा भार ‘लागल्या’ हे क्रियापद वाहते. बहुतेक सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात मात्र हा आधार सुटतो. ‘जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली’ या वाक्यातील ‘काढली’ हे रूप ‘शाळा’ या कर्माप्रमाणे चालते. कर्ता ‘जोतीरावाने’ असा लिहिला तरी ते बदलत नाही, म्हणून येथे आदर केवळ ‘रावांनी’मधील अनुस्वार आणि ‘नी’ प्रत्यय यांवर टिकून असतो. लेखनात चूक होते ती बहुधा याच ठिकाणी, विशेषतः लांब वाक्यात, जेथे आरंभी ‘सावित्रीबाई म्हणाल्या’ असे नीट लिहून पुढे ‘तिने शाळा चालवली’ असे येते, आणि क्रियापद काहीच खटकू देत नसल्याने तो अनादर नजरेतून निसटतो. अशा वेळी नावाच्या जागी सर्वनाम ठेवून पाहावे: ‘त्यांनी’ बसत असेल, तर नावालाही ‘बाईंनी’, ‘रावांनी’ हेच रूप हवे.